बनुबाईंची रोजची एक गोळी

बनुबाईंची गोळी एकच राहिली. दीड झाली नाही.

शेवट आधीच फुटला, म्हणून समजा हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, आम्हाला काही ठाऊक नाही. कारण १३ ऑक्टोबर १९९७ ला, सोमवारी सकाळी अकरा वाजता, श्रीरामपुरातल्या डॉक्टर गहिनीनाथ म्हस्क्यांच्या दवाखान्यात ती दीड होणार हे जवळपास ठरलेलं होतं.

ठरवलं होतं खुद्द डॉक्टरांनीच. यशोधरा पगारे ही त्यांची लॅब टेक्निशियन. तिनं रिपोर्ट आणून दिला, डॉक्टरांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा कपाळावर गेला की डोस वर जातो, हे यशोधराला सात वर्षांच्या नोकरीत समजलं होतं.

"एक पॉइंट एक," डॉक्टर म्हणाले. "माझंही रक्त एवढंच असेल. आणि मी काही गोळी खात नाही."

बनुबाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. वय बेचाळीस, नऊवारी, कपाळाला मळवट. पावणेदोन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या हृदयातली झडप बदलून धातूची बसवली होती. खोलीत शांतता झाली की ती ऐकू यायची. टिक, टिक. नवरा भिमाजी सांगायचे की घरातलं घड्याळ त्यांनी तेव्हापासून सेलवर चालवणं बंद केलंय.

धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिनची गोळी. पाच मिलिग्रॅमची, रोज एक. ती किती लागू पडते ते आय.एन.आर. नावाच्या आकड्यावरून कळतं. धडधाकट माणसाचा आकडा एकच्या आसपास. बनुबाईंचा असायला हवा अडीच ते साडेतीन. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर कुठूनही रक्त. मधला रस्ता अरुंद, आणि बनुबाई दीड वर्ष त्यावरून सायकल शिकणाऱ्या माणसासारख्या चालल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. "आवाज स्वच्छ आहे. अजून तरी काही धरलेलं नाही. धाप? एखाद्या बाजूला मुंग्या, बोलण्यात अडखळ?"

"न्हाई. बोलन्यात तर अजाबात न्हाई," शेजारी उभ्या भिमाजींनी बायकोच्या वतीनं सांगितलं.

"ॲडमिट करू. हेपॅरिनची सलाइन लावू, म्हणजे आकडा वर येईपर्यंत रक्त सांभाळलं जाईल. आणि गोळी दीड. यांना गोळी लागूच पडत नाही, पगारे मॅडम. पुण्याचं पत्र आलंय. ते म्हणतात, वॉरफरिन रेझिस्टन्स वाटतो, डोस आणि आय.एन.आर.चा एका कागदावर तक्ता पाठवा. आता तक्ता म्हणजे..." डॉक्टरांनी कपाटाकडे पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली. "मी राउंड घेऊन येतो. दोन वाजेपर्यंत जमेल तेवढं करा. दोनला गोळी लिहीन."

बनुबाईंची फाइल म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा आणि त्यात धरलेले चौतीस कागद. काही दवाखान्याच्या चिठ्ठ्या, काही औषध कंपनीच्या पॅडवरची पानं, त्यातल्या एकावर हसणारं बाळ होतं. एक डोस लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला होता. एक एस.टी.च्या तिकिटावर, पण तिकीट कुणाचं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टर म्हस्के निष्णात होते. अक्षर सोडून. त्यांच्या अक्षराला समोरच्या मेडिकलवाल्याखेरीज कुणी ओळख दाखवत नसे, आणि तोसुद्धा सुट्टीच्या दिवशी ओळखत नसे.

यशोधरा लॅबमध्ये टेबलाशी बसली. दोघांना समोर बसवलं, कारण बनुबाईंना सलाइन लागायला अजून खाट रिकामी व्हायची होती. एका मोठ्या कागदावर तिनं पट्टीनं रकाने आखले: तारीख. आय.एन.आर. किती आला. किती हवा. रोज किती मिलिग्रॅम. आठवड्याला एकूण किती. काय बदललं. का बदललं. पुढची तपासणी कधी. शेरा.

"लई रकाने झाले की हो," भिमाजी म्हणाले.

"गोळी किती हे एकाच शब्दात लिहिलं तर माणूस मरतो, काका," यशोधरानं शांतपणे सांगितलं. "हे बघा. इथं '१' लिहिलंय. इथं '५'. एक म्हणजे एक गोळी, पाच म्हणजे पाच मिलिग्रॅम. दोन्ही सारखंच. पण एखाद्यानं पाचला पाच गोळ्या समजलं तर?"

"मंग त्यो एखादा उरनार न्हाई," भिमाजी म्हणाले आणि खुर्ची बायकोपासून थोडी लांब सरकवली.

म्हणून यशोधरानं सगळं मिलिग्रॅममध्ये उतरवायला घेतलं. पहिल्या तीन चिठ्ठ्या होत्या ९६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या. तेव्हा आय.एन.आर. इथं होत नसे, बाहेरच्या एका लॅबनं रक्त गोठायचे सेकंद आणि नुसतं गुणोत्तर दिलं होतं: १.८, १.९, १.८. डॉक्टरांनी तेच चिठ्ठीवर उतरवून पुढे 'कमी?' असं लिहिलं होतं.

"ह्यो तर कमीच हाय की, एक पॉइंट आठ," भिमाजी वाकून म्हणाले. आकड्यांची त्यांना आवड होती.

"तो आय.एन.आर. नाही. त्या लॅबचं रक्त तपासायचं औषध किती कडक होतं हे कळल्याशिवाय त्याचा आय.एन.आर. करता येत नाही. आणि ते त्यांनी लिहिलेलं नाही." तिनं आय.एन.आर.चा रकाना कोरा सोडला आणि शेऱ्यात लिहिलं, 'फक्त गुणोत्तर. तुलना करू नये.'

"कोरं सोडलं?" भिमाजींना धक्का बसला. त्यांच्या मते कोरा रकाना हा गुन्हा होता. "अंदाजानं टाका की कायतरी."

"अंदाजानं टाकायचं असतं तर डॉक्टरांनाच बसवलं असतं."

मग 'किती हवा'चा रकाना. पुण्याच्या डिस्चार्ज कार्डावर टाइप केलेलं होतं: २.५ ते ३.५. पण एका चिठ्ठीवर म्हस्के डॉक्टरांनी '२-३' लिहिलं होतं. यशोधरा बराच वेळ त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. मग वर कोपऱ्यातलं नाव वाचलं. वाचलं म्हणजे उजेडासमोर धरून तर्क केला, आणि मग लॅबच्या रजिस्टरातल्या आकड्याशी ताडून बघितलं. चिठ्ठी रखमाजी या दुसऱ्या पेशंटची होती. रखमाजींच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली, त्यांना दोन ते तीन बरोबर. त्यांची चिठ्ठी सात महिने बनुबाईंच्या चिमट्यात राहत होती. तिनं ती काढून रखमाजींच्या पाकिटात ठेवली. तिथं तिला बनुबाईंची एक सापडली. अदलाबदल न्याय्य होती.

खरी अडचण पुढे आली. दोन चिठ्ठ्यांवर तारीखच नव्हती. एकीवर '१½ आड', म्हणजे एक दिवस दीड, एक दिवस एक. दुसरीवर नुसतंच 'परत १'.

"परत कधी?" यशोधरानं विचारलं.

भिमाजींनी मांडीवरची कापडी पिशवी उघडली. आता भिमाजींबद्दल सांगायला हवं. ते ग्रामपंचायतीचे माजी सदस्य होते आणि अर्ज करणं हा त्यांचा खरा धंदा होता. एस.टी.चा थांबा त्यांच्या दारासमोर चाळीस फूट सरकवावा असा त्यांचा अर्ज होता. साखर कारखान्याचा भोंगा म्हशीच्या धारेच्या वेळी अर्ध्या पट्टीत वाजवावा, असा दुसरा. कोणत्याच अर्जाला कधी उत्तर आलं नव्हतं. पण प्रत्येकाची पोच त्यांच्याकडे होती, शिक्क्यासकट, तारखेसकट.

"ही बघा. भोंग्याचा अर्ज. कारखान्यात दिला आन् तसाच हिला घिऊन हिकडं आल्तो. तवाच डॉक्टर म्हनले परत एक करा. शिक्का वाचा."

शिक्क्यावर ३० सप्टेंबर १९९६ होती. यशोधरानं रजिस्टर काढलं. ३० सप्टेंबर, बनुबाई, आय.एन.आर. ३.८. जुळलं. दुसऱ्या चिठ्ठीची तारीख म्हशीच्या विम्याच्या पोचेवरून लागली, ९ सप्टेंबर. रजिस्टरात १.९. तेही जुळलं. भिमाजी इतके खुश झाले की बायकोचं काम बाजूला ठेवून पिशवीच लावायला बसले. सव्वीस वर्षांत त्यांच्या अर्जांचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला होता.

साडेबाराला तक्ता तयार झाला. यशोधरानं तो टेबलावर पसरला, आणि एकदा वरून खाली वाचला.

२० मे ९६: रोज पाच, आठवड्याला पस्तीस, आकडा २.८. ८ जुलै: तेच पस्तीस, ३.०. छान. ९ सप्टेंबर: तेच पस्तीस, आणि १.९. म्हणून डोस वाढवून आड दिवसाला दीड, आठवड्याला सरासरी पावणेचव्वेचाळीस. तीन आठवड्यांनी ३.८, म्हणून परत पस्तीस. २४ ऑक्टोबर: १.४. डॉक्टर घाबरले आणि रोज दीड केली, आठवड्याला साडेबावन्न. ११ नोव्हेंबर: ६.२. नाकातून रक्त, दवाखान्यात दाखल, गोळी बंद, उतारा म्हणून व्हिटॅमिन के. मग परत पस्तीस.

पुढे आठ महिने सगळं सपाट. २.७, २.९, ३.१. पस्तीसवर बनुबाईंचं रक्त शाळेतल्या शहाण्या मुलासारखं वागत होतं. मग २५ ऑगस्ट ९७ ला १.८. वाढवा. १५ सप्टेंबरला ४.१. कमी करा. आणि आज १.१.

"हे तर तेच आहे," यशोधरा म्हणाली.

"काय त्येच?"

"गेल्या वर्षी जे झालं तेच पुन्हा. आणि आज दोन वाजता डॉक्टर दीड लिहितील. गेल्या वर्षी दीड लिहिली आणि तीन आठवड्यांत नाकातून रक्त आलं. या वेळी नाकातूनच येईल असं नाही."

बनुबाईंनी पदर सावरला. गेल्या वर्षीच्या त्या रात्री त्यांनी एक अख्खी चादर भिजवली होती. "मेंदूत बी येतं म्हनं," त्या हळूच म्हणाल्या. टिक, टिक चाललं होतं, पण आता जरा जोरात.

गोळी लागू पडत नाही असं म्हणावं, तर आठ महिने पस्तीसवर तीच गोळी छान लागू पडत होती. मग त्याच पस्तीसवर आकडा मधेच का कोसळतो? यशोधरानं कोसळलेल्या तारखा वेगळ्या लिहिल्या. सप्टेंबर, ऑक्टोबर. ऑगस्ट, ऑक्टोबर. वार बघायला तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वळवली, आणि गेल्या वर्षीचीही काढली. ती सेंट्रिफ्यूजच्या खाली अंथरलेली होती.

यशोधराच्या घरी या महिन्यांत वर्षावास असायचा, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. उपास-तापास तिच्या आजीनं छप्पन साली सोडले ते सोडलेच. त्यामुळे दिनदर्शिकेतली ती बारीक लाल अक्षरं ती कधी वाचत नसे. आज वाचली. ९ सप्टेंबरच्या आधी चार आठवडे श्रावण. २५ ऑगस्टच्या आधी श्रावण. २४ ऑक्टोबरच्या आधी नवरात्र. आणि परवा, शनिवारी, दसरा होता.

"बनुमावशी, उपास करता का?"

"म्हंजे काय? श्रावनातलं सोमवार आन् शनवार. आन् मोहट्याच्या देवीचं नवरात्र, नऊ दीस. निस्तं फराळावर. लगीन झाल्यापासनं चुकल्यालं न्हाई."

"आणि उपासाच्या दिवशी गोळी?"

बनुबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या बाईनं असं काही विचारावं याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

"त्या दिवशी कशी घिऊ?"

"का?"

बनुबाईंनी कनवटीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यावर निळ्या शाईत दवाखान्याचाच रबरी शिक्का होता. 'दुपारी जेवणानंतर.'

"दुपारी जेवनच न्हाई, तर जेवनानंतर कुठनं येनार?"

यशोधरानं पाकीट उचलून शिक्का पुन्हा वाचला.

"अहो, पण साबुदाणा तर खात होता!"

"साबुदाना म्हंजे जेवन हाय व्हय? त्यो फराळ. मी अडानी आसंन, पर लिवल्यालं मोडत न्हाई."

"आन् ती गोळी फेकत बी न्हाई," भिमाजी अभिमानानं म्हणाले. "दाव गं डबी."

पितळी डबी निघाली. पूर्वी तिच्यात हळदकुंकू असायचं. यशोधरानं वर्तमानपत्रावर गोळ्या ओतून मोजल्या: पस्तीस अख्ख्या आणि दोन अर्धुकं. मग दिनदर्शिकेवर बोट ठेवून उपास मोजले. ९६ चा श्रावण, आठ. ९७ चा, नऊ. दोन नवरात्रं, अठरा. पस्तीस.

"अर्धुकं कशाची?" भिमाजींनी विचारलं.

तिनं तक्ता बघितला. दोन्ही वर्षी 'आजपासून एक दिवस दीड' असं सुरू झालं तो दिवस श्रावणी सोमवारच होता. म्हणजे त्या दिवसाची दीडच्या दीड डबीत. हिशेब अर्धुकापर्यंत जुळला. तिनं सात वर्षांत पाहिलेली ही सर्वात प्रामाणिक पेशंट होती, आणि त्या प्रामाणिकपणानंच तिला जवळपास मारलं होतं.

यशोधरानं तक्त्यात एक रकाना वाढवला. लिहिलेला डोस 'आठवड्याला एकूण'मध्ये होताच, शेजारी 'पोटात गेलेला'. श्रावणातले आठवडे: लिहिलेला पस्तीस, गेलेला पंचवीस. नवरात्र: लिहिलेला पस्तीस, गेलेला शून्य. आता कागद कुणीही वाचला असता. पंचवीसला आकडा दोनच्या खाली येत होता, शून्याला एकवर येत होता, पस्तीसला तीनजवळ. आणि उपास सुटल्यावर वाढवलेला डोस रोजच्या रोज पोटात जाऊन चारला, सहाला. गोळी काही चुकत नव्हती. रक्तही चुकत नव्हतं.

दोनला डॉक्टर आले. चष्मा कपाळावर, पेन हातात, चिठ्ठी पुढ्यात. त्यांनी '१' काढला आणि पुढच्या अर्ध्यासाठी पेन टेकवलं.

"सर, आधी हे बघा."

"मॅडम, खाट तयार आहे, तक्ता नंतर..."

"'पोटात गेलेला' हा रकाना बघा. फक्त तेवढाच."

डॉक्टरांनी बघितलं. मग पहिल्यापासून बघितलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. डोस न वाढवता तो खाली येणं सात वर्षांत पहिल्यांदा झालं. ११ नोव्हेंबरच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही मी लिहिलेली दीड."

"हो सर."

"आणि आज परत लिहीत होतो."

यशोधरा डबीचं झाकण लावत बसली.

डॉक्टर बनुबाईंकडे वळले. त्यांना रागवायचं होतं, पण टेबलावर पाकीट होतं आणि पाकिटावर त्यांचाच शिक्का होता. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. "हा शिक्का सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांवर मारतो आपण?"

"सगळ्या. कंपाउंडरला एकच दिलाय."

"या गोळीला जेवण लागतच नाही हो," डॉक्टर जरा बारीक आवाजात म्हणाले. "पाण्याबरोबर चालते. रोज ठरल्या वेळेला घेतली म्हणजे झालं."

"मंग तसं लिवायचं," बनुबाई म्हणाल्या. "तसं लिवलं आस्तं तर तशी घेतली आस्ती. उपासाला पानी चालतंय."

डॉक्टरांनी '१' पुढचा शाईचा ठिपका खोडला, चिठ्ठी फाडली, आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीत स्वतः लिहिलं. पगारे मॅडमनी बजावलं म्हणून सुटी सुटी अक्षरं काढली. १३ ऑक्टोबर ९७. आय.एन.आर. १.१. हवा २.५ ते ३.५. रोज ५ मि.ग्रॅ., आठवड्याला ३५. डोस बदल नाही. कारण: नवरात्रात नऊ दिवस गोळी घेतलेली नाही. दाखल, हेपॅरिन, आकडा अडीचवर जाईपर्यंत. त्यानंतर तपासणी दर आठवड्याला, दोनदा नीट येईपर्यंत.

पाकिटावर यशोधरानं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'रात्री आठ वाजता, पाण्याबरोबर. रोज. जेवण असो, फराळ असो, काहीच नसो.'

"आठ का?" भिमाजींनी विचारलं.

"सकाळी रक्त तपासलं आणि डोस बदलायचा ठरला, तर त्याच रात्रीपासून बदलता येतो."

बनुबाईंनी ते पाकीट दोनदा वाचून घेतलं, म्हणजे भिमाजींकडून वाचून घेतलं, आणि कनवटीला लावलं. मग त्या उठून खाटेवर गेल्या. सलाइन लागली. आठ दिवसांनी आकडा २.६ वर आला आणि त्या घरी गेल्या. पुण्याला तक्ता गेला, आणि त्यांच्या पत्रातून 'रेझिस्टन्स' हा शब्द पुन्हा आला नाही. तोवर कंपाउंडरच्या शिक्क्याला रजा मिळाली होती. पस्तीस गोळ्या आणि दोन अर्धुकं डॉक्टरांनी काढून घेतली, डबी तेवढी परत दिली. बनुबाईंना हे फारसं पटलं नाही.

पण त्या आठ दिवसांत भिमाजी खाटेशेजारी रिकामे बसलेले. त्यांना एक गोष्ट खुपत होती. डॉक्टरांनी लिहिलं, मॅडमनी लिहिलं, ठीक. पण देवीच्या बाजूनं लेखी काहीच नव्हतं. उद्या गावात कुणी म्हणालं, बनुबाईचा उपास गोळीनं मोडला, तर कागद कुठला दाखवायचा?

"काका, पाणी चालतं म्हणाल्या ना मावशी?" यशोधरानं विचारलं.

"तोंडी झालं ते. तोंडी धरत न्हाईत."

त्यांनी यशोधराकडून एक आखीव ताव मागून घेतला. पट्टीही मागितली. अर्ज तिनं पोच म्हणून सही करून घेतला, कारण दुसरं कुणी घेणार नव्हतं, आणि दवाखान्याच्या फाइलला लावला. बनुबाईंच्या तक्त्यामागे तो अजून आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, समस्त पंचांगकर्ते (जे कोणी असतील ते) यांसी.
विषय: वॉरफरिन ५ मि.ग्रॅ. या गोळीस उपवासाच्या पदार्थांत समाविष्ट करणेबाबत.
महोदय,
अर्जदाराची पत्नी सौ. बनुबाई हिच्या हृदयात धातूची झडप असून सदर झडपेस श्रावण व नवरात्र यांची माहिती नाही. सबब सदर गोळीस साबुदाणा, भगर, राजगिरा व शेंगदाणा यांचे पंक्तीस बसवून तसा उल्लेख पुढील वर्षापासून सर्व दिनदर्शिकांत लाल अक्षरांत करण्यात यावा. तसे करणे शक्य नसल्यास नवरात्र एक आड एक दिवस ठेवण्याबाबत देवीस आपल्या स्तरावरून कळविण्यात यावे, व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अर्जदारास पंधरा दिवसांचे आत लेखी मिळावा, ही नम्र विनंती.